बोअरहोलच्या नोंदींपासून पायाच्या शिफारशीपर्यंत: पहिला सॉइल रिपोर्ट लिहिणाऱ्यासाठी

सॉइल रिपोर्ट हातात पडला की स्ट्रक्चरल इंजिनिअर शेवटचं पान उघडतो, एसबीसीचा आकडा पाहतो आणि फाइल मिटतो. बिल्डर तेवढंही करत नाही, तो फोनवरच विचारतो, "किती टन धरायचे?" मग नवीन इंजिनिअरलाही वाटू लागतं की आपलं काम म्हणजे तो एक आकडा काढणं. खरं तर आकडा हा शिफारशीचा अर्धाच भाग असतो. तो कोणत्या थरावर आणि कोणत्या पातळीला लागू आहे, हे सोबत लिहिलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पुण्याकडच्या बेसॉल्टच्या जमिनीत तर फारच, कारण इथे खडक आहे की नाही हा प्रश्न सहसा नसतोच. तो या कोपऱ्यात किती खाली आहे आणि त्या कोपऱ्यात किती, हा असतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. पुण्याच्या पश्चिमेकडचा हलक्या उताराचा प्लॉट, स्टिल्ट अधिक सात मजल्यांची आरसीसी इमारत, बेसमेंट नाही. चार कोपऱ्यांजवळ चार बोअरहोल. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली झिजलेला बेसॉल्ट, म्हणजे विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसला सच्छिद्र, गारगोटीचे ठिपके असलेला खडक.

आधी जमिनीची पातळी

रिगवाला लॉगशीटवर सगळी खोली "जमिनीपासून" लिहितो. पण चारही ठिकाणची जमीन एका पातळीत नसते. म्हणून ड्रिलिंग चालू असतानाच ऑटो लेव्हल लावून प्रत्येक बोअरहोलच्या तोंडाची पातळी घ्यायची. संदर्भ म्हणून हलणार नाही अशी वस्तू निवडायची: रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण किंवा शेजारच्या जुन्या इमारतीची प्लिंथ. तिला 100.00 मीटर धरायचं, तिचा फोटो काढायचा आणि तो रिपोर्टमध्ये लावायचा.

हा धडा मी चुकून शिकलो. माझ्या सुरुवातीच्या एका रिपोर्टमध्ये मी सरळ लिहिलं होतं, "पाया सध्याच्या जमिनीपासून 3 मीटर खोलीवर घ्यावा." रिपोर्ट गेल्यावर प्लॉट सपाट करण्यासाठी खालच्या बाजूला सव्वा मीटर भराव टाकला गेला. चार महिन्यांनी खोदाई झाली तेव्हा साइटवाल्यांच्या लेखी "सध्याची जमीन" म्हणजे तो भराव होता. त्यांनी प्रामाणिकपणे 3 मीटर खोदलं आणि काळ्या मातीतच थांबले. चूक त्यांची नव्हती.

आपल्या उदाहरणातल्या पातळ्या अशा:

| बोअरहोल | तोंडाची पातळी (मी.) | खडक किती खोलीवर (मी.) | खडकाची पातळी (मी.) |
|---|---|---|---|
| बीएच-1 | 100.20 | 3.0 | 97.20 |
| बीएच-2 | 99.80 | 3.0 | 96.80 |
| बीएच-3 | 98.40 | 4.5 | 93.90 |
| बीएच-4 | 98.10 | 5.0 | 93.10 |

खोलीचा रकाना पाहिला तर 3 आणि 5 मीटर, म्हणजे दोन मीटरचा फरक. पातळीचा रकाना पाहिला तर फरक चार मीटरच्या वर जातो. वरची जमीन उतरते आहे आणि तिच्या पोटातला खडक तिच्याहून वेगाने उतरतो आहे. ही गोष्ट खोलीच्या आकड्यांत दडून राहते. म्हणून टेबल झालं की लगेच बीएच-1 ते बीएच-4 असा एक छेद हाताने काढून बघा. ऑटोकॅड नंतर. पेन्सिलने काढलेल्या छेदात डोळ्यांना जे दिसतं, ते टेबलात दिसत नाही.

लॉगशीट तपासून मगच वापरा

फील्डवरून येणारी शीट म्हणजे कच्चा माल. ती टाइप करण्याआधी तिच्याशी थोडं भांडावं लागतं.

एसपीटीपासून सुरू करू. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा, स्प्लिट स्पून 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत दर 15 सेंटिमीटरचे ठोके मोजायचे. पहिले 15 सेंटिमीटर बसणीचे, ते धरायचे नाहीत. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. बीएच-3 मध्ये 3 मीटरवर मुरमात 9, 14, 19 असे ठोके पडले. एन झाला 33. तिन्हींची बेरीज करून 42 लिहिलेली शीट मी आजही महिन्यातून एकदा तरी पाहतो. म्हणून शीटवर फक्त एन लिहिलेला असेल तर ती परत पाठवा, तिन्ही टप्प्यांचे ठोके मागा. आणि चारही बोअरहोलांत त्याच खोलीला तोच एन दिसत असेल, तर हातोडा एकाच भोकात चालला आणि बाकीची शीट चहाच्या टपरीवर भरली गेली असं समजा.

आता बीएच-4. तिथे 3 मीटरवर 50 ठोके पडले आणि स्पून जेमतेम 8 सेंटिमीटर गेला. 15 सेंटिमीटरच्या आतच 50 ठोके झाले की त्याला रिफ्यूजल म्हणतात. रिगवाल्याने शेरा मारला, "खडक लागला." इथे थांबलो असतो तर खडकाची पातळी 95.10 निघाली असती आणि छेदही छान गुळगुळीत दिसला असता. पण रिफ्यूजलचा अर्थ एवढाच की स्पून पुढे जात नाही. का जात नाही, ते त्यातून कळत नाही. म्हणून एनएक्स आकाराची कोअर घेत पुढे जायचं. इथे पहिले 40 सेंटिमीटर काळा, ठणठणीत बेसॉल्ट आला, पण तुकड्याची वरची आणि खालची कड गोलसर होती आणि तिच्यावर तपकिरी साल होती. त्यानंतर बॅरल अचानक हलकं उतरू लागलं, परतीचं पाणी करड्याचं तपकिरी झालं आणि कोअर येणं बंद झालं. ड्रिलिंग थांबवून 3.6 मीटरवर पुन्हा एसपीटी घेतली, एन आला 21. म्हणजे तो खडक नव्हता, मुरमात अडकलेला धोंडा होता. झिजणाऱ्या बेसॉल्टमध्ये असे कांद्यासारख्या सालींचे गोल धोंडे सर्रास मिळतात. खरा खडक पुढे 5 मीटरवर लागला आणि तो खडकच आहे याची खात्री पटायला त्यात आणखी पाच मीटर जावं लागलं.

परतीच्या पाण्याचा रंग आणि पाणी कुठे गायब झालं, या दोन गोष्टी शीटवर लिहायची सवय रिगवाल्याला लावा. कोअर आली नाही तिथे काय होतं, हे सांगणारा पुरावा तेवढाच असतो.

कोअर बॉक्सजवळ बसून आरक्यूडी काढा

आरक्यूडी ऑफिसात बसून फोटोवरून काढू नका. बॉक्सजवळ बसा, टेप हातात घ्या. बीएच-4 मधल्या 5.0 ते 6.5 या दीड मीटरच्या रनमध्ये सात तुकडे आले: 6, 8, 12, 5, 14, 7 आणि 9 सेंटिमीटर. बेरीज 61. कोअर रिकव्हरी म्हणजे 150 पैकी 61, साधारण 41 टक्के. आरक्यूडीसाठी फक्त 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे धरायचे, म्हणजे 12 आणि 14. बेरीज 26, आरक्यूडी 17 टक्के.

पण शेवटचे दोन तुकडे उचलून एकमेकांना लावले तर ते चपखल बसले. तुटलेला भाग स्वच्छ, ताजा, त्यावर ना माती ना गंज. म्हणजे ती खडकातली भेग नव्हती, बॅरलमधून काढताना कोअर तुटली होती. असे तुकडे एकच धरायचे. 7 आणि 9 मिळून 16 झाले, लांब तुकड्यांची बेरीज 42 आणि आरक्यूडी 28 टक्के. रिकव्हरी तीच राहिली. उलटही होतं: तुटीवर तपकिरी डाग किंवा मातीचा थर असेल तर ती खरी भेग, मग तुकडे कितीही छान जुळोत.

आणखी एक गोष्ट बॉक्समध्ये शोधायची, ती म्हणजे लाल पट्टा. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मऊ पदार्थ सापडतो, त्याला रेड बोल म्हणतात. हातात घट्ट वाटतो, पाण्यात टाकला की काही वेळात विरघळू लागतो. वरचा खडक कितीही चांगला असो, पायाखाली थोड्या अंतरावर असा पट्टा असेल तर रिपोर्टमध्ये त्याची पातळी आणि जाडी स्वतंत्र लिहायची. आपल्या चार बोअरहोलांत तो नव्हता. "आढळला नाही" हेही लिहायचं असतं.

प्रयोगशाळेच्या कोणत्या निकालाने निर्णय बदलतो

लॅबमधून वीसेक पानं येतात. सगळी परिशिष्टात जातात. मजकुरात मात्र ज्यांच्यामुळे शिफारस बदलली तेच निकाल घ्या.

काळ्या मातीसाठी माझ्या लेखी सर्वांत बोलकी चाचणी फ्री स्वेलची. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या कोरड्या मातीचे दोन नमुने, प्रत्येकी 10 ग्रॅम, 100 मिलीलिटरच्या दोन नळ्यांत घालायचे. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. 24 तासांनी वाचायचं. आपल्या मातीने पाण्यात 19 मिली आणि रॉकेलमध्ये 11 मिली जागा घेतली. फरक 8, त्याला 11 ने भागलं की 73 टक्के. एवढी फुगणारी माती पावसाळ्यात वर उचलणार आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसणार. म्हणून शिफारशीत दोन वाक्यं आपोआप येतात: या थरात कोणताही पाया नको, आणि स्टिल्टची फरशी, कंपाउंड वॉल, ड्रेनेज चेंबर हेही थेट त्याच्यावर नकोत. दुसरं वाक्य बहुतेक रिपोर्टांत नसतं. इमारत जागची हलत नाही, पण पार्किंगची फरशी दुसऱ्या पावसाळ्यात उचलते आणि मग फोन आपल्यालाच येतो.

मुरमाचा बॉक्स शिअर, भूजलातलं सल्फेट आणि खडकाची दाबशक्ती या बाकीच्या चाचण्या. सल्फेट कमी निघालं, तेव्हा एका ओळीत संपलं. भूजलाची पातळी मात्र ड्रिलिंगच्या दिवशी घेऊ नका, कारण भोकात दिसणारं पाणी आपणच ओतलेलं असतं. निदान 24 तास थांबा. शिवाय मे महिन्यात घेतलेली पातळी पावसाळ्याची नव्हे, म्हणून हिशेबात पाणी जमिनीपर्यंत आलं असं धरणं बरं.

आकडा काढा, मग त्याच्यावर शंका घ्या

आता पर्याय दोन. पाया मुरमात ठेवायचा, की खडकापर्यंत न्यायचा?

मुरमाचा हिशेब आयएस 6403 प्रमाणे करून पाहू. जागा बीएच-3, खोली 3 मीटर, 3 मीटर रुंदीचं चौकोनी फूटिंग, घर्षणकोन 30 अंश, चिकटपणा शून्य धरला. भराव नीट दाबला जाईल याचा भरवसा नाही, म्हणून खोलीचे गुणांक 1 धरले. पाणी जमिनीपर्यंत धरल्याने वरच्या मातीचं परिणामी वजन 0.8 टन प्रति घनमीटर.

```
q   = 3.0 x 0.8                     = 2.4 t/m2
q(Nq-1)sq      = 2.4 x 17.4 x 1.2   = 50.1
0.5 B g Ng sg W' = 0.5 x 3 x 1.8 x 22.4 x 0.8 x 0.5 = 24.2
net ultimate   = 74.3 t/m2
net safe (FS 3) = 24.8 t/m2
```

25 टन. ऐकायला वाईट नाही. एका खांबावर पाच बाय चार मीटरचा भाग धरला, मजल्याला चौरस मीटरमागे 1.2 टन धरले, तर आठ स्लॅबचे मिळून 190 टनांच्या आसपास होतात. 10 टक्के फूटिंगच्या वजनाचे. 25 टनांवर सुमारे 2.9 मीटर बाजूचं फूटिंग बसतं. नवीन माणूस इथे खूश होऊन "एसबीसी 25 टन, खोली 3 मीटर" लिहून मोकळा होतो.

पण हा हिशेब फक्त जमीन फुटणार नाही एवढंच सांगतो. ती किती बसेल हे वेगळं पाहावं लागतं, आणि या प्लॉटवर खरी अडचण तिथेच आहे. सगळीकडे 3 मीटर खोदलं तर बीएच-1 आणि बीएच-2 कडची फूटिंगं खडकावर टेकतात, बीएच-3 कडची मुरमात राहतात आणि बीएच-4 कडचं एखादं त्या धोंड्यावर, तेही अर्धं. मुरमावरचं फूटिंग 20 मिलिमीटर बसलं तरी आयएस 1904 च्या 50 मिलिमीटरच्या मर्यादेत आरामात आहे. पण शेजारचं फूटिंग खडकावर जवळजवळ बसतच नाही. आरसीसी फ्रेमसाठी दोन खांबांतला चालणारा फरक म्हणजे त्यांच्यातल्या अंतराच्या 0.0015 पट. पाच मीटरला 7.5 मिलिमीटर. आपला फरक त्याच्या दुप्पटीहून जास्त. एकूण बसणं मर्यादेत आणि तरीही भिंतींना तिरप्या भेगा, असं होतं ते यामुळे.

"मग राफ्ट टाका," असं कुणीतरी म्हणतंच. अर्धा खडकावर आणि अर्धा मुरमावर बसलेला राफ्ट खडकाच्या कडेवर वाकायला बघतो, त्या जागी स्टील वाढतं आणि प्रश्न तिथेच राहतो. सगळे पाये एकाच जातीच्या थरावर नेणं हाच इथला सरळ मार्ग.

खडकासाठी आयएस 12070 आहे. आपल्या वरच्या खडकाची रिकव्हरी 40 टक्क्यांच्या आसपास, आरक्यूडी 30 च्या आत, भेगांत माती. असा खडक मी त्या कोडमधल्या सर्वांत खालच्या वर्गात धरतो आणि तिथल्या आकड्यांतलाही खालचा घेतो: 40 टन प्रति चौरस मीटर. आणखी दोन मीटर खाली चांगला खडक आहे, 60 टन द्या, अशी मागणी येते. द्यायला हरकत नाही, पण मग पाया तेवढा खाली न्यावा लागेल. 40 टनांवर त्याच खांबाचं फूटिंग 2.3 मीटर बाजूचं होतं. एवढ्यावर कोणाचं नुकसान होत नाही.

शिफारस कशी लिहायची

शेवटचं पान एकटंच फोटोकॉपी होऊन साइटवर जातं, हे गृहीत धरून लिहा. आकडा, थर, पातळी आणि अट त्या एकाच पानावर हवेत. मी असं लिहीन:

"सर्व खांबांसाठी स्वतंत्र फूटिंग, झिजलेल्या बेसॉल्टमध्ये किमान 0.5 मीटर आत. निव्वळ अनुज्ञेय भारधारण क्षमता 40 टन प्रति चौरस मीटर. अपेक्षित तळपातळी: बीएच-1 जवळ 96.70, बीएच-2 जवळ 96.30, बीएच-3 जवळ 93.40, बीएच-4 जवळ 92.60 मीटर. संदर्भ: रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण 100.00. या पातळ्या अंदाजाच्या आहेत. थर आणि पातळी यांत तफावत आढळल्यास थर निर्णायक मानावा. काळी माती, भराव, मुरूम किंवा सुटा धोंडा यांवर कोणतंही फूटिंग घेऊ नये."

"थर निर्णायक" हे शब्द गाळू नका. कंत्राटदार 92.60 ला पोचला आणि खाली अजून मुरूम असेल, तर त्या शब्दांशिवाय तो नियमाने बरोबर ठरतो.

त्याच पानावर तीन छोट्या सूचना. थोडं जास्त खोदलं गेलं तर ती जागा मातीने नव्हे, साध्या काँक्रीटने भरायची. झिजलेला बेसॉल्ट उघडा राहून भिजला की वरचा थर सैल होतो, म्हणून तळ साफ केल्यावर त्याच दिवशी पीसीसी. आणि खडक फोडायला ब्रेकर चालेल, सुरुंग नको.

बीएच-2 आणि बीएच-3 यांच्या मध्ये खडक जवळजवळ तीन मीटर खाली उतरतो. तो सरळ उताराने उतरतो की एखाद्या जागी पायरीसारखा तुटतो, हे चार भोकांतून कळणार नाही. म्हणून त्या पट्ट्यातल्या खांबांसाठी रिपोर्टमध्ये वेगळी अट घालायची: प्रत्येक खड्ड्याच्या तळात फूटिंगच्या रुंदीच्या दीडपट खोलीपर्यंत जॅकहॅमरचं भोक मारून पाहायचं. 2.3 मीटरच्या फूटिंगला साडेतीन मीटर. भोक मारताना हातोड्याचा आवाज सारखा राहिला आणि भुकटी करडी आली तर ठीक. आवाज मध्येच बसला, रॉड झपकन खाली गेला, भुकटी तपकिरी झाली, की बीएच-4 मधलीच गोष्ट पुन्हा. तो खड्डा आणखी खाली न्यायचा आणि शेजारच्या वरच्या फूटिंगच्या खालचा खडक त्यामुळे सुटा तर पडत नाही ना, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत घेऊन पाहायचं.

रिपोर्टच्या शेवटी खोदाई पाहायला आपण येणार हे लिहून ठेवा आणि त्याचे पैसे कोटेशनमध्येच धरा. नंतर मागितले तर कोणी देत नाही, आणि बोलावतही नाही. खड्डा पाहताना सोबत लॉगशीट, टेप, भूगर्भवाल्यांचा छोटा हातोडा आणि पाण्याची बाटली न्या. तळावर पाणी ओतून हाताने घासलं की चिखल निघून जातो आणि खाली खडक आहे की दगडांची भरती, ते दिसतं. आमच्या या प्लॉटवर बीएच-4 जवळच्या खड्ड्यात तो धोंडा निघाला. टिकावाने ठोकला तर भरीव वाजत होता, आणि पोकलेनवाला "साहेब, पक्का खडक आहे, थांबूया" म्हणत होता. बकेटच्या दाताने एका कडेला नेट लावला, तेव्हा तो कुशीवर वळला.